गळ्यातली डावी नस

ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी मी अम्मीला फोन लावला. "अम्मी, मी बरी आहे," एवढंच सांगायचं होतं. पलीकडून अम्मीचा आवाज आला, "कौन बोलरै जी? मेरी बेटी कू फोन देव." मी पुन्हा सांगितलं. तोंडातून हवा बाहेर आली, त्या हवेत शब्दांचे आकारही होते, पण आवाज नव्हता. शेवटी नवऱ्याने फोन घेतला आणि मी झोपलेय असं सांगून वेळ मारून नेली.

माझ्या थायरॉइडच्या गाठीचं हे ऑपरेशन. गळ्याच्या पुढच्या बाजूला फुलपाखरासारखी ग्रंथी असते, तिच्या डाव्या पंखात लिंबाएवढी गाठ होती. सुईची तपासणी संशयास्पद आली म्हणून डावा अर्धा भाग काढायचं ठरलं. गाठ कॅन्सरची निघाली नाही, अल्हम्दुलिल्लाह. ऑपरेशनआधी सर्जननी सांगितलं होतं की आवाजाची नस ग्रंथीला अगदी चिकटून जाते, थोड्या लोकांचा आवाज काही काळ बसतो. मी मान हलवून सही केली होती. वीस वर्षं उर्दू शाळेत उर्दू आणि मराठी शिकवणाऱ्या बाईने त्या वाक्याकडे जरा जास्त लक्ष द्यायला हवं होतं, असं आता वाटतं. पण सही करताना माणसाच्या डोक्यात फक्त कॅन्सर हा शब्द असतो.

घरी आल्यावर लक्षात आलं की गोष्ट फक्त आवाजाची नाही. पाणी प्यायले की ठसका लागायचा. पातळ डाळ, चहा, सगळ्यांचं तेच. भात-भाकरी मात्र नीट उतरायची. खोकला आला तर तो फुसका यायचा, फुटक्या भात्यातून हवा निसटावी तसा. आणि सगळ्यात नवल म्हणजे पाण्याची बादली उचलताना जोरच लागेना. दंड तेच, कंबर तीच, पण जोर लावायला गेले की आतून हवा सुटून जायची.

फज्रच्या नमाजनंतर कुराण वाचायला बसले तेव्हा अजून एक गोष्ट कळली. लहानपणी आमच्या उस्तादांनी तजवीद शिकवताना हलकाचे, म्हणजे घशाचे, तीन भाग सांगितले होते. सगळ्यात खालच्या भागातून हम्जा आणि 'हे' निघतात. मधल्या भागातून ऐन आणि मोठा 'हे'. वरच्या भागातून गैन आणि खे. आम्हा पोरींना ते गळ्यावर बोट ठेवायला लावायचे आणि विचारायचे, "कहाँ लगा?" त्या दिवशी मी बोट ठेवून एकेक अक्षर म्हणून पाहिलं. खे निघाला. मोठा 'हे' निघाला. हम्जा काही निघेना. तिथे जो एक बारीक झटका बसायला हवा, दार लावून उघडल्यासारखा, तो बसत नव्हता. ऐन आणि गैनही पोकळ येत होते.

दोन आठवड्यांनी आम्ही कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्या मॅडमनी माझं बोलणं अर्धा मिनिट ऐकलं, मग नाकात बधिर करणारा फवारा मारला आणि शेवयीपेक्षा थोडी जाड अशी लवचीक दुर्बीण नाकातून घशात उतरवली. समोर स्क्रीन होता. मी माझा स्वतःचा आवाज जिथे तयार होतो ती जागा पहिल्यांदा पाहिली.

वरून पाहताना ती उलट्या व्हीसारखी दिसते. दोन पांढुरक्या पट्ट्या, पुढे एकमेकींना जोडलेल्या, मागे मोकळ्या. हेच स्वरतंतू. नावात तंतू असलं तरी वीणेच्या तारांसारखं काही नाही. ते श्वासमार्गाच्या दोन्ही भिंतींतून आत आलेले मऊ पदर आहेत. बाईमाणसात त्यांची लांबी जेमतेम एक-सव्वा सेंटिमीटर. मॅडम म्हणाल्या, "श्वास घ्या." उजवा पदर झटकन बाहेर सरकला, डावा जागेवरच. "आता ई म्हणा." उजवा धावत मध्यापर्यंत आला. डावा हलला नाही. मध्यरेषेपासून थोडा दूर, किंचित वाकलेला, तसाच पडून राहिला. दोघांत एक फट उरली आणि त्या फटीतून माझा सगळा आवाज वाया जात होता.

मॅडमना मी शिक्षिका आहे हे कळलं, तेव्हा त्यांनी टेबलावरचं प्लॅस्टिकचं स्वरयंत्र उघडून माझ्या हातात दिलं. त्यांनी जे दाखवलं ते वाचताना तुम्हीही गळ्यावर बोट ठेवा, म्हणजे चित्र लागणार नाही.

हनुवटीखाली बोट खाली सरकवत आलं की एक टणक उंचवटा लागतो. पुरुषांत तो डोळ्यालाही दिसतो. ही थायरॉइड कूर्चा. ग्रीकमध्ये या नावाचा अर्थ ढालीसारखी. कूर्चा म्हणजे कानाच्या पाळीवरच्या भागात असते तसलं लवचीक हाड. थायरॉइड ग्रंथी हिच्या खाली, श्वासनळीवर बसलेली असते. नाव एकच असल्याने माझ्यासारख्यांचा गोंधळ होतो, पण ग्रंथी वेगळी आणि कूर्चा वेगळी. उंचवट्यावरून बोट आणखी खाली आणलं की एक मऊ खाच लागते आणि तिच्याखाली पुन्हा एक कडक कडं. ती क्रिकॉइड कूर्चा. हिचा आकार नगीन्याच्या अंगठीचा आहे. फक्त नगीना मागे, पाठीच्या कण्याकडे, आणि बारीक कडं पुढे. श्वासमार्गात पूर्ण गोल अशी ही एकच कूर्चा. श्वासनळीची बाकीची कडी मागच्या बाजूने उघडी असतात.

खरा कारभार आहे त्या नगीन्यावर. तिथे दोन छोट्या पिरॅमिडसारख्या कूर्चा बसलेल्या असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. त्यांना अ‍ॅरिटिनॉइड म्हणतात. बोटाला त्या लागत नाहीत. स्वरतंतूचं पुढचं टोक थायरॉइड कूर्चेला आतून पक्कं चिकटलेलं आणि मागचं टोक या पिरॅमिडला. म्हणजे पुढची बाजू बिजागरीसारखी स्थिर, मागची हलती. पिरॅमिड आत वळला की स्वरतंतू मिटतो, बाहेर वळला की उघडतो. स्वरयंत्रात एकूण नऊ कूर्चा असतात. जिभेच्या मुळाशी पानासारखी उभी असते ती एपिग्लॉटिस, आणि आणखी दोन बारक्या जोड्या. पण माझी गोष्ट समजायला ढाल, अंगठी आणि हे दोन पिरॅमिड पुरेत.

यांना हलवणारे स्नायू जे आहेत त्यांची नावं पहिल्यांदा ऐकून मला धडकी भरली. मग माझ्यातल्या व्याकरणाच्या मास्तरणीला त्यातली मेख सापडली. ती नावं म्हणजे नुसते समास आहेत. स्नायू कुठून निघतो आणि कुठे जाऊन चिकटतो, ती दोन नावं जोडून ठेवलीत. अंगठीपासून पिरॅमिडपर्यंत जातो तो क्रिकोअ‍ॅरिटिनॉइड. ढालीपासून पिरॅमिडपर्यंत जातो तो थायरोअ‍ॅरिटिनॉइड. तो स्वरतंतूच्या पोटातच असतो आणि त्याला जाडी देतो. अंगठीपासून ढालीपर्यंत जातो तो क्रिकोथायरॉइड. कूर्चा कळल्या की स्नायूंचा विग्रह आपोआप होतो.

यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. स्वरतंतू मिटवायला तीन-चार स्नायू आहेत. उघडायला मात्र दोन्ही बाजूंना मिळून एकच जोडी, अंगठीच्या मागच्या बाजूचा क्रिकोअ‍ॅरिटिनॉइड. आपला प्रत्येक श्वास त्या एका जोडीच्या भरवशावर आत जातो.

आता नस. आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि मेंदूचा निरोप नेणाऱ्या दोरीलाही. इथे दुसरी. उघडणारे आणि मिटवणारे, जवळजवळ सगळे स्नायू प्रत्येक बाजूला एकाच नसेवर चालतात. तिचं नाव रिकरंट, म्हणजे उलट फिरून येणारी. ती येते मेंदूतून निघणाऱ्या व्हेगस नावाच्या मोठ्या नसेपासून. व्हेगस गळ्यातून, स्वरयंत्राच्या शेजारूनच खाली जाते. पण ही फांदी तिथल्या तिथे फुटत नाही. डाव्या बाजूला ती छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीच्या कमानीखालून वळसा घेते आणि श्वासनळी-अन्ननळीच्या मधल्या खाचेतून पुन्हा वर गळ्यात येते. उजवीकडे ती खांद्याकडे जाणाऱ्या रोहिणीखालून वळते, म्हणून तिचा रस्ता आखूड. मी मॅडमना विचारलं, सरळ का नाही गेली? त्या म्हणाल्या, गर्भात हृदय गळ्याजवळ तयार होतं तेव्हा नस सरळच असते, फक्त त्या रोहिणीच्या खालून. मग हृदय छातीत सरकतं आणि नसेला सोबत ओढत नेतं. जिराफातही हाच प्रकार होतो आणि तिथे हा फेरा कित्येक मीटरचा होतो.

या वळशाचा एक परिणाम सगळ्यांनी माहीत करून घ्यावा. डावी नस छातीतून जाते, म्हणून कसलंही ऑपरेशन झालेलं नसताना आवाज बसला, सर्दी-खोकला नाही आणि तीन-चार आठवडे झाले तरी सुधारत नाही, तर दोष गळ्यातच असेल असं नाही. फुफ्फुसाच्या वरच्या भागातली गाठ, छातीतल्या सुजलेल्या ग्रंथी, फुगलेली रोहिणी, यांपैकी काहीही त्या नसेला दाबत असू शकतं. अशा माणसाला गरम पाणी आणि मुलेठी देत बसू नये. दुर्बिणीतून स्वरतंतू पाहून घ्यावेत आणि एक हलत नसेल तर छातीचा फोटोही काढावा.

ही नस दुसऱ्या शतकात रोममध्ये जालीनूसने दाखवली, ज्याला युरोपात गॅलेन म्हणतात. त्याने लोकांसमोर ओरडणाऱ्या डुकराच्या गळ्यातल्या या नसा बांधल्या आणि ओरडणं बंद झालं. आवाज हृदयातून नाही तर मेंदूच्या हुकमाने निघतो, हे त्याला सिद्ध करायचं होतं. त्याने हेही लिहिलंय की गळ्यातल्या गाठी काढताना एका वैद्याने या नसा तोडल्या आणि तो मुलगा मुका झाला. दुसऱ्या एका मुलाची एकच नस गेली तर त्याचा अर्धा आवाज उरला. आपल्याला जवळची गोष्ट अशी की जालीनूसच्या शरीररचनेवरच्या मोठ्या ग्रंथाचा उत्तरार्ध, ज्यात स्वरयंत्राचा भाग येतो, मूळ ग्रीकमध्ये हरवला. तो टिकला अरबीत, नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक आणि त्यांच्या साथीदारांनी केलेल्या भाषांतरांमुळे. अठराशे वर्षांपूर्वीचा तो अर्ध्या आवाजाचा मुलगा आणि मी, दोघांचं दुखणं एकच.

माझी नस तुटली नव्हती. सर्जननी ऑपरेशनच्या वेळी ती डोळ्यांनी पाहिली होती आणि अखंड ठेवली होती. पण ग्रंथी श्वासनळीला एका चिवट पट्ट्याने बांधलेली असते आणि नस नेमकी त्या पट्ट्याला लागून स्वरयंत्रात शिरते. गाठ पुढे उचलताना तिथे तिला ताण बसतो. ताणलेली नस बाहेरून धडधाकट दिसते, आतून निरोप जात नाही.

मॅडमनी मग एक साधी परीक्षा घेतली. त्यासाठी कुठलंच यंत्र लागलं नाही, फक्त घड्याळ. दीर्घ श्वास घेऊन 'आ' म्हणायला सांगितलं. निरोगी बाईला पंधरा ते वीस सेकंद जमतं. माझे पाच झाले. मग त्या म्हणाल्या, सापासारखं 'स्स्स' करा. सतरा सेकंद. आणि मग भुंग्यासारखं 'ज़्ज़्ज़', उर्दूतला जे, ज़मीनमधला. सहा सेकंद.

मला हसू आलं, कारण सीन आणि जे यांच्यातला फरक मी दरवर्षी पाचवीच्या पोरांना शिकवते. दोन्हीला जीभ एकाच जागी, दात एकाच जागी. फरक एवढाच की सीनला स्वरतंतू उघडे राहतात आणि जेला ते मिटून थरथरतात. फुफ्फुस ठीक असेल आणि स्वरतंतूही ठीक असतील, तर दोन्ही साधारण सारखाच वेळ टिकतात. सीनचे सेकंद भागिले जेचे सेकंद, उत्तर एकच्या आसपास. ते 1.4 च्या वर गेलं तर स्वरतंतू नीट मिटत नाहीत असा संशय घ्यायचा. माझं 17 भागिले 6, म्हणजे 2.8. हवा भरपूर होती, ती धरून ठेवणारं दार नव्हतं. बादलीचा जोरही तिथेच जात होता. जड उचलताना आपण नकळत स्वरतंतू मिटून छातीत हवा कोंडतो आणि त्या कोंडलेल्या हवेवर अंग ताठ होतं. हम्जाही तेच मिटणं, खोकल्याच्या आधीचंही तेच मिटणं, घोट गिळताना श्वासमार्ग बंद होतो तेही तेच.

पाण्याच्या ठसक्यावर उपाय सोपा निघाला. हनुवटी छातीकडे आणायची, मान डावीकडे, म्हणजे कमजोर बाजूला वळवायची आणि मग छोटा घोट. घोट मजबूत उजव्या बाजूने उतरतो. पहिल्याच दिवशी फरक पडला. सासूबाई मात्र महिनाभर विचारत राहिल्या की मी पाणी पिताना भिंतीकडे काय बघते.

आवाजाबद्दल मॅडमनी दोन गोष्टी बजावल्या. जोर लावून बोलायचं नाही आणि कुजबुजायचंही नाही. जोर लावला की स्वरतंतूंच्या वरचे दुसरे पदर आवळले जातात, आवाज घोगरा दाबका होतो आणि नस परत आली तरी ती सवय जात नाही.

सहा आठवड्यांची रजा संपली आणि मी शाळेत गेले. वर्गात बावन्न मुलं, वर पंखा, बाहेर रस्ता. कमरेला बांधायचा छोटा माईक घेतला होता. सहावीला मराठीचं श्रुतलेखन दिलं. वह्या तपासताना पाहिलं, मागच्या दोन बाकांवर 'गाडी'ची 'काडी' झाली होती, 'बाग'चा 'पाक' आणि 'दार'ची 'तार'. पोरांवर चिडण्यात अर्थ नव्हता. क आणि ग यांच्यात तोंडाची हालचाल तीच असते, ग म्हणताना स्वरतंतू थरथरतात एवढाच फरक. माझे थरथरतच नव्हते, माईकने फक्त हवेचा आवाज मोठा केला होता. कुजबुजून 'गाडी' आणि 'काडी' म्हणून पाहा, शेजारच्याला फरक सांगता येणार नाही. बी.एड.ला आम्हाला आवाजातला चढ-उतार हे अध्यापनकौशल्य म्हणून गुण देऊन तपासलं होतं. तो चढ-उतार कुठून येतो हे कुणी सांगितलं नव्हतं, आम्हीही विचारलं नव्हतं.

त्याच आठवड्यात मुख्याध्यापकांनी बोलावलं. माणूस भला आहे. म्हणाले, "मॅडम, यंदा ऑफिसचं काम बघा, पोषण आहाराचे रजिस्टर आहेत, आराम मिळेल." मी घरी येऊन रडले. रडण्यालाही आवाज नव्हता, त्यामुळे मुलीला कळलं नाही.

मॅडमकडे परत गेले तेव्हा त्यांनी पर्याय सांगितले. नस नुसती ताणलेली असेल तर काही आठवडे ते काही महिन्यांत परत येते. आतले धागे तुटले असतील तर ते दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढतात. स्वरयंत्र तिथून जवळच, पण अडचण वेगळी आहे. उघडणाऱ्या आणि मिटवणाऱ्या स्नायूंचे धागे एकाच दोरीत मिसळलेले असतात. वाढताना ते एकमेकांच्या घरात शिरतात. मग उघड आणि मिट हे दोन्ही हुकूम एकदम पोचतात आणि स्वरतंतू जागचा हलत नाही. तरीही असं झालेलं वाईट नसतं, कारण स्नायू सुकत नाही, स्वरतंतू भरलेला आणि मध्याजवळ राहतो. म्हणून कायमचा उपाय करण्याआधी सहसा सहा महिने ते वर्षभर थांबतात. कायमचा उपाय म्हणजे थायरॉइड कूर्चेला बाहेरून छोटी खिडकी पाडून आत एक पाचर बसवायची आणि मेलेल्या स्वरतंतूला मध्याकडे ढकलायचं. जपानच्या इशिकी नावाच्या सर्जननी 1974 साली ही पद्धत मांडली. पेशंटला जागं ठेवतात, पाचर बसवताना बोलायला लावतात आणि आवाज ऐकून माप ठरवतात.

माझ्यासाठी मधला रस्ता होता. गळ्यातून सुई घालून डाव्या स्वरतंतूत जेल भरायचं. दोन-तीन महिन्यांत ते विरघळतं, तोवर नस आली तर उत्तम. मी हो म्हणाले. नाकात दुर्बीण, गळ्याला बधिर करणारं इंजेक्शन, समोर स्क्रीन. सुई आत गेली आणि सुकलेला डावा पदर पाण्यात टाकलेल्या मनुक्यासारखा फुगत गेला. तो हलला अजिबात नाही, फक्त जागा भरली. मॅडम म्हणाल्या, "नाव सांगा." मी नाव सांगितलं आणि खोलीत आवाज झाला. पहिले काही दिवस तो दाबका, चिरका होता, कारण थोडं जास्तच भरलेलं असतं. दहाव्या दिवशी मोजलं तर 'आ' अकरा सेकंद, सीन सतरा, जे बारा. रजिस्टर मी परत केले.

या सगळ्यात माझ्या खालाजाद बहिणीचं कोडं सुटलं. ती मिलादला नात पढायची, लांबून लोक बोलवायचे. माझ्याआधी चार वर्षं तिचंही थायरॉइडचं ऑपरेशन झालं. तिचा बोलण्याचा आवाज जसाच्या तसा, ठसका नाही, काही नाही. पण नात वर चढवायला गेली की आवाज तिथे पोचायचाच नाही, मध्येच सपाट व्हायचा. घरात कुणी म्हणालं वय झालं, कुणी म्हणालं नजर लागली. तिने पढणं सोडून दिलं.

तिची नस दुसरी. मघाशी म्हणाले की जवळजवळ सगळे स्नायू रिकरंटवर चालतात. उरला तो एक, अंगठी आणि ढाल जोडणारा क्रिकोथायरॉइड. त्याला वरून येणारी एक बारीक नस असते, सुपिरिअर लॅरिंजिअलची बाहेरची फांदी. पुन्हा त्या मऊ खाचेवर बोट ठेवा आणि खालच्या सुरातून हळूहळू वरच्या सुरात जा. खाच अरुंद होताना जाणवेल. क्रिकोथायरॉइड ढाल आणि अंगठी पुढून जवळ आणतो, त्यामुळे पिरॅमिड मागे ओढले जातात, स्वरतंतू लांब आणि तंग होतात. मी बोलते तेव्हा ते सेकंदाला दोनशेच्या आसपास वेळा थरथरतात. सूर एक सप्तक चढवायचा तर ती संख्या दुप्पट व्हावी लागते. ताण देणाराच नसेल तर मिटणं-उघडणं ठीक चालतं, बोलणं चालतं, पण वर जाता येत नाही, लांब हाक मारता येत नाही. ही फांदी ग्रंथीच्या वरच्या टोकाच्या रक्तवाहिनीला लागून जाते, त्या वाहिनीला गाठ मारताना सापडू शकते. दुर्बिणीतून पाहिलं तर स्वरतंतू दोन्ही हलताना दिसतात, म्हणून डॉक्टरांच्याही नजरेतून सुटतं. वरचा सूर लावायला सांगितलं तरच कळतं, आणि पक्की खात्री त्या स्नायूत सुई घालून विजेची नोंद घेतल्यावर.

सर्जन लोकांत याबद्दल आमेलिता गाल्ली-कुर्ची या इटालियन गायिकेची गोष्ट सांगितली जाते. 1935 मध्ये शिकागोत तिच्या गळ्याची गाठ काढली आणि या नसेला इजा होऊन तिचं गाणं संपलं, अशी. पुढे डॉक्टरांनीच जुन्या नोंदी तपासून लिहिलं की तिचा आवाज ऑपरेशनआधीच उतरायला लागला होता आणि नसेच्या इजेचा भक्कम पुरावा नाही. मला हे वाचून बरं वाटलं. प्रत्येक हरवलेल्या आवाजाचं खापर सर्जनवर फोडणं सोपं असतं. बहिणीची मात्र तपासणी झाली आणि तिच्या बाबतीत ते खरं निघालं. इतक्या वर्षांनी नसेचं काही करता आलं नाही. ती आता खालच्या पट्टीत पढते.

एक गोष्ट मॅडमनी जाता जाता सांगितली, ती मला सगळ्यात भीतीदायक वाटली. एका बाजूची रिकरंट गेली तर आवाज जातो. दोन्ही बाजूंच्या गेल्या तर उलट आवाज पुष्कळदा बरा राहतो, कारण दोन्ही पदर मध्याजवळ येऊन थांबतात. पण मग उघडणारं कुणी उरत नाही. माणूस नीट बोलतो आणि श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येतो, जिना चढला की गुदमरतो, कधी गळ्याला भोक पाडून नळी घालावी लागते. म्हणून ज्याचं एकदा थायरॉइडचं ऑपरेशन झालंय आणि उरलेली बाजू काढायची आहे, त्याने आवाज चांगला असला तरी आधी दुर्बिणीने स्वरतंतू पाहून घ्यावेत. एक बाजू गेलेली असून दुसरीने फट भरून काढलेली असू शकते. माझ्या फाइलवर हे लाल पेनाने लिहिलेलं आहे.

पाचव्या महिन्यात जेल विरलं असणार, पण आवाज उतरला नाही. सगळ्यात आधी खोकला परतला, चांगला खणखणीत, रात्री नवरा दचकून उठला. सहाव्या महिन्यात दुर्बिणीत डावा स्वरतंतू पाहिला. तो अजून हलत नव्हता, श्वास घेताना नुसता थरारल्यासारखा झाला. पण भरलेला होता, मध्याजवळ होता आणि उजवा त्याला येऊन टेकत होता. धागे परत आले होते, बहुधा चुकीच्या घरांत. 'आ' तेरा सेकंद, सीन अठरा, जे पंधरा.

आता वर्गात मी माईक लावते, मैदानावर शिट्टी वापरते. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सहावीला तेच श्रुतलेखन देते, गाडी, बाग, दार, आणि मागच्या दोन बाकांच्या वह्या आधी तपासते. गेल्या वेळी बावन्नपैकी एकाने 'पाक' लिहिलं होतं. तो खिडकीबाहेर बघत होता, असं त्याच्या शेजारच्याने सांगितलं.